आवाज बसतो तेव्हा

शिक्षकांचा आणि गायकांचा आवाज वारंवार बसतो. त्याचे मूळ बहुतेक वेळा घशातल्या संसर्गात नसते, स्वरतंतूंवर रोज पडणाऱ्या आघातांत असते. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. त्यांची लांबी स्त्रियांत सुमारे सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर आणि पुरुषांत सुमारे पावणेदोन ते अडीच सेंटिमीटर भरते. श्वास घेताना ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे उघडे असतात. बोलताना ते जवळ येतात, फुप्फुसांतून येणारी हवा त्यांना विलग करते आणि ते पुन्हा एकमेकांवर आपटतात. पुरुषाच्या नेहमीच्या बोलण्यात ही उघडझाप सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा होते, तर स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या पुढे. आवाज चढला की आघातांची संख्या वाढते आणि प्रत्येक आघाताचा जोरही वाढतो.

समजा, एका शिक्षिकेचे दिवसाला पस्तीस मिनिटांचे सात तास आहेत. म्हणजे ती 245 मिनिटे वर्गात असते. एवढा वेळ कोणी सलग बोलत नाही. थांबे, फळ्यावरचे लेखन, मुलांची उत्तरे आणि स, प, क यांसारखी अघोष व्यंजने वजा केली, तर स्वरतंतू प्रत्यक्षात या वेळाच्या साधारण तीस टक्के, म्हणजे सुमारे 73 मिनिटे कंप पावतात. सेकंदाला 220 आघात धरले तर ही संख्या जवळजवळ दहा लाख होते. घरचे बोलणे, फोन आणि संध्याकाळचे भजन यात धरलेले नाही.

सतत टाळ्या वाजवल्या की तळहात लाल होतात आणि किंचित सुजतात. स्वरतंतूंचेही तसेच होते. त्यांच्या वरच्या पातळ आवरणाखाली एक मऊ, जेलीसारखा थर असतो आणि आवाजाची सगळी लवचीकता या थरावर अवलंबून असते. आघातांनी तिथे सूज आली की तंतू जड होतात, आवाज घोगरा आणि खालच्या पट्टीचा होतो. तो पूर्वीसारखा निघावा म्हणून माणूस नकळत जोर लावतो. मानेचे स्नायू ताठ होतात, स्वरयंत्र वर ओढले जाते, स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही आवळल्या जातात. जोराने आघात वाढतात, आघातांनी सूज वाढते. घशाचा जुनाट ताण असाच टिकून राहतो. काही जणांत तंतूंवर सूज किंवा गाठ काहीच दिसत नाही, फक्त आवळण्याची सवय जडलेली असते, आणि तेवढ्यानेही आवाज थकतो.

आघात सगळीकडे सारखे बसत नाहीत. तंतूंचा जो भाग खरोखर कंप पावतो त्याच्या मधोमध ते सर्वांत जोरदार असतात. म्हणून गाठी होतात त्याही बहुधा तिथेच, दोन्ही तंतूंवर समोरासमोर. मोठ्यांत या गाठी पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतात. लहानपणी मात्र ओरडून खेळणाऱ्या मुलग्यांत त्यांचे प्रमाण अधिक असते. सुरुवातीच्या गाठी मऊ असतात, वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर त्या घट्ट होतात.

अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा या राज्यांत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोठी पाहणी झाली होती. तिच्यात अकरा टक्के शिक्षकांना त्या वेळी आवाजाचा विकार असल्याचे आढळले, इतर व्यवसायांतल्या लोकांत हे प्रमाण 6.2 टक्के होते. आयुष्यात कधी ना कधी असा त्रास झालेले शिक्षक निम्म्याहून जास्त होते. म्हणजे या तक्रारी व्यवसायजन्य आहेत. आपल्याकडे मात्र त्या शिक्षिकेच्या नाजूक प्रकृतीच्या खात्यात टाकल्या जातात, आणि हे अन्यायाचे आहे.

हा त्रास ओळखण्याची खूण त्याच्या वेळापत्रकात आहे. सर्दी-पडशाने बसलेला आवाज ताप, खोकला, नाक गळणे यांच्यासोबत येतो आणि आठ-दहा दिवसांत सुटतो. ताणाने बसणारा आवाज सकाळी बरा असतो, दुपारनंतर जड होतो. सोमवारी स्वच्छ असतो, शुक्रवारी फाटतो. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत तो पूर्ववत होतो आणि शाळा सुरू झाली की पंधरवड्यात पुन्हा बसतो. त्याबरोबर घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, सारखे खाकरावेसे वाटते, मानेच्या दोन्ही बाजू दुखतात आणि वाक्याच्या शेवटी दम अपुरा पडतो. भरपूर बोलून थकलेला आवाज चार-सहा तासांत बराचसा सावरतो, पण पूर्ण मूळपदावर यायला बारा ते अठरा तास लागतात असे मोजमापांत दिसले आहे. दिवसभर शिकवून संध्याकाळी पुन्हा दोन तास गाणाऱ्याला ही भरपाई कधीच पुरी मिळत नाही.

गायकाला सूज त्याआधीच कळू शकते, कारण त्याचे मोजमाप जास्त बारीक असते. तार सप्तकातला एखादा स्वर अगदी हलक्या आवाजात, ‘उ’कारात लावून पाहावा. तंतू निरोगी असतील तर स्वर लगेच लागतो. सूज असेल तर आधी नुसती हवा येते आणि क्षणभराने स्वर उमटतो, किंवा तो मध्येच तुटतो. तोच स्वर जोर लावून गायला तर स्वच्छ येतो. जोराने येतो आणि हळू येत नाही, हीच धोक्याची खूण आहे. पुष्कळ गायक याच टप्प्यावर फसतात. मोठ्याने गाता येते म्हणून गळा ठीक आहे असे समजतात आणि रियाज वाढवतात.

आवाज चढवायला लावणारे पहिले कारण म्हणजे भोवतालचा गोंगाट. फ्रान्समधले कान-नाक-घसा तज्ज्ञ एतियेन लोम्बार यांनी 1911 मध्ये दाखवून दिले की आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस आपोआप मोठ्याने बोलू लागतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातल्या पार्श्वभूमीच्या आवाजासाठी 35 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. रस्त्यालगतची शाळा, घरघरणारे पंखे, अर्ध्या भिंतीपलीकडे भरलेला दुसरा वर्ग किंवा जुलैच्या पावसात वाजणारे पत्र्याचे छप्पर यांत ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. शिक्षिका त्या गोंगाटावर आवाज काढते, मुले तिच्यावर काढतात, आणि पुन्हा तिला चढवावा लागतो. रंगमंचावर गायकाचेही हेच होते. स्वतःकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून आपलाच आवाज नीट ऐकू आला नाही की तो तबल्याच्या आणि हार्मोनियमच्या वर गळा नेतो. कार्यक्रमाआधी ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याकडून हा स्पीकर नीट लावून घेणे हाही गळ्याची काळजी घेण्याचाच भाग आहे.

घशाची काळजी म्हटले की पथ्याची यादी पुढे येते. खाकरू नये, ओरडू नये, कुजबुजू नये, तंबाखू टाळावी, रात्री उशिरा जड जेवू नये. यातले प्रत्येक पथ्य सकारण आहे. खाकरताना तंतू एकमेकांवर जोराने घासतात, म्हणून खाकरण्याऐवजी लाळ गिळावी, पाण्याचा घोट घ्यावा किंवा आवाज न करता ‘ह्’ अशी हवा सोडावी. आवाज बसल्यावर कुजबुजून बोलणे सुरक्षित वाटते, पण बरेच लोक कुजबुजताना स्वरयंत्र अधिकच आवळतात. त्यापेक्षा हळू, थोडक्यात, पण खऱ्या आवाजात बोललेले बरे. रात्रीच्या जेवणानंतर लगेच आडवे झाले तर काहींच्या पोटातले आम्ल स्वरयंत्रापर्यंत चढते आणि सकाळी आवाज खरखरीत येतो.

केवळ पथ्याने किती भागते, याची मात्र परीक्षा झाली आहे. अमेरिकेतले वाचाउपचार संशोधक नेल्सन रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांच्या गटांवर 2001 ते 2003 या काळात सहा-सहा आठवड्यांचे प्रयोग केले. ज्यांना फक्त आवाजाची निगा शिकवली त्यांच्यात म्हणावी तशी सुधारणा दिसली नाही. ज्यांना कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला लावायचा माइक दिला, किंवा आवाज काढण्याची पद्धत बदलणारे व्यायाम करून घेतले, त्यांची तक्रार कमी झाली. नुसत्या सल्ल्यापेक्षा आघात प्रत्यक्षात कमी करणे जास्त कामाचे, असा याचा स्वच्छ अर्थ निघतो. तरीही शाळांत शिक्षकांना सल्लाच मिळतो, माइक मिळत नाही.

पाण्याबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. प्यायलेले पाणी स्वरतंतूंवरून जात नाही. गिळताना स्वरयंत्र झाकले जाते आणि पाणी मागच्या अन्ननलिकेत उतरते. तिथे चुकून थेंब गेला तर ठसका लागतो. पाणी आधी रक्तात आणि मग ऊतींत पोचते, त्याला वेळ लागतो. म्हणून गाण्याच्या आधी पाच मिनिटे अर्धी बाटली रिकामी करून तंतूंना त्याचा लाभ मिळत नाही, सुकलेले तोंड ओले होते इतकेच. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे आणि लघवीचा रंग फिका राहतो का ते पाहावे. तंतू कोरडे असतील तर कंप सुरू व्हायलाच हवेचा जास्त दाब लागतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. म्हणजे तोच आवाज काढायला जास्त मेहनत पडते. अनेक शिक्षिका शाळेत स्वच्छ स्वच्छतागृह नसल्याने मुद्दाम पाणी कमी पितात. अशा ठिकाणी त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगण्याआधी स्वच्छतागृह दुरुस्त करायला हवे.

गुळण्या, ज्येष्ठमध, खडीसाखर यांनाही हीच मर्यादा आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या तोंडाच्या मागच्या भागापर्यंत पोचतात, स्वरयंत्र त्याच्या बरेच खाली असते. ज्येष्ठमध चघळल्याने लाळ सुटते, घशाला बरे वाटते आणि खाकरणे कमी होते. तेवढा फायदा खरा, पण सूज त्याने उतरत नाही. तंतूंपर्यंत थेट पोचते ती फक्त श्वासातून जाणारी हवा. म्हणून साध्या पाण्याची पाच-दहा मिनिटांची वाफ उपयोगी पडते. त्यात मेंथॉलचा बाम टाकू नये, त्याने घसा मोकळा वाटतो पण कोरडा पडू शकतो. एरवी हवा ओली करण्याचे काम नाक करते. तोंडाने श्वास घेण्याची सवय, रात्रभराचे वातानुकूलन आणि सर्दीवरच्या काही गोळ्या तंतू सुकवतात. दिवसाच्या दोन-तीन कप चहाने शरीरातले पाणी आटते अशी भीती बाळगण्याचे मात्र कारण नाही.

श्वासाच्या बाबतीत जास्त हवा भरण्यापेक्षा ती बेताने सोडणे महत्त्वाचे असते. नेहमीच्या संभाषणात स्वरतंतूंखाली हवेचा दाब पाच ते आठ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो, मोठ्याने बोलताना तो दुप्पट-तिप्पट होतो. हा दाब पोट आणि बरगड्यांच्या स्नायूंनी सांभाळायचा असतो. ते झाले नाही की तो भार गळा उचलतो. वर उल्लेखलेल्या प्रयोगांत एका गटाला यंत्रात जोराने फुंकून उच्छ्वासाचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम दिला होता, त्याचा आवाजाला लक्षणीय उपयोग झाला नाही. ताकद वाढवणे आणि नियंत्रण शिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

नियंत्रण शिकण्यासाठी पाठीवर झोपून एक हात पोटावर आणि एक छातीवर ठेवावा. नाकाने श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा, खांदे मुळीच उचलू नयेत. मग ‘स्स्’ असा एकसारखा आवाज करत हवा सोडावी. आवाज सुरुवातीला मोठा आणि शेवटी क्षीण होत असेल तर हवा एकदम सुटते आहे. पंधरा-वीस सेकंद तो एकाच जाडीचा राहू लागला की हेच बसून, मग उभे राहून करावे. त्यानंतर वाक्यांकडे वळावे. वर्गात बहुतेकांचा घसा वाक्याच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांत आवळतो, कारण हवा संपलेली असते आणि वाक्य संपवायचे असते. ‘शिवाजी महाराजांनी रायगडावर, थांबा, 1674 मध्ये, थांबा, राज्याभिषेक करून घेतला’ असे अर्थाच्या तुकड्यांवर थांबून बोलले तर प्रत्येक थांब्यात श्वास आपोआप आत येतो, आणि मुलांना लिहून घ्यायलाही सवड मिळते.

शब्दाची सुरुवातही पाहावी. ‘ए, गप्प बसा’ किंवा ‘आता इकडे बघा’ हे स्वराने सुरू होणारे शब्द रागात उच्चारले की तंतू आधी घट्ट मिटतात आणि मग फटकन उघडतात. तो आघात सर्वांत वाईट. शब्दाच्या आधी अस्पष्ट ‘ह’ची झुळूक सोडली तर सुरुवात मऊ होते. वर्ग शांत करायला गळा वापरूच नये. टेबलावरची घंटी, ठरलेली टाळी किंवा वर केलेला हात पुरतो.

उपचारात आज सर्वाधिक वापरला जाणारा एक व्यायाम अगदी स्वस्त आहे. शहाळ्याची नळी ओठांत धरून तिच्यातून ‘ऊ’ असा आवाज काढायचा. नाकातून हवा जाऊ द्यायची नाही. आवाज हळूहळू खालून वर आणि वरून खाली घसरवायचा, एक-दोन मिनिटे, दिवसातून पाच-सहा वेळा. नळीचे दुसरे टोक पेल्यातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवले तर बुडबुड्यांवरून हवा एकसारखी जाते की नाही हे दिसते. अरुंद वाटेमुळे हवेचा थोडा दाब तंतूंच्या वर परत येतो आणि ते एकमेकांवर जोराने न आपटताही सहज कंप पावू लागतात. ओठ मिटून केलेला ‘म्’चा गुंजारव आणि ओंकारातला शेवटचा मकार याच जातीचे. त्या वेळी ओठांवर आणि नाकाच्या मुळाशी कंप जाणवला पाहिजे. तो घशातच जाणवला तर जोर चुकीच्या जागी लागतो आहे.

खर्जाच्या साधनेचाही विचार इथेच करायला हवा. सकाळी मंद्र सप्तकात सावकाश, हलक्या आवाजात केलेला रियाज गळा तापवायला चांगला. पण खालचा स्वर दाबून, गळ्यात ढकलून काढला तर तोच रियाज ताण देतो. पट्टीचेही असेच आहे. काळी चार ही गुरूची पट्टी असेल, शिष्याची असेलच असे नाही. वृंदगानात किंवा शाळेच्या प्रार्थनेत सगळ्यांना एकाच पट्टीत गावे लागते, आणि आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलग्यांचा त्यात बळी जातो. त्यांना त्या काही महिन्यांपुरते खाली आणि हळू गाऊ द्यावे.

आता पुन्हा त्या शिक्षिकेकडे. तिने दोन तासांतले उताऱ्याचे वाचन मुलांकडे दिले, सूचना फळ्यावर लिहिल्या, हाक मारण्याऐवजी घंटी ठेवली आणि मागच्या बाकाशी बोलायला तिथे चालत गेली. तिच्या बोलण्याचे प्रमाण तीस टक्क्यांवरून वीसवर आले, तर आघात दहा लाखांवरून साडेसहा लाखांवर येतात. कमरेचा स्पीकर लावून ती घरच्यासारख्या आवाजात बोलू लागली तर उरलेल्या आघातांचा जोरही उतरतो. मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पांऐवजी दहा मिनिटे मौन, दर तासाला दोन घोट पाणी, शाळेच्या आधी आणि नंतर नळीचा व्यायाम, आणि भजन ज्या दिवशी असेल त्या दिवशी शेवटच्या तासाला लेखनाचे काम, एवढे ती करू शकते. असे सहा-आठ आठवडे करून शुक्रवारचा आवाज सोमवारसारखा राहतो का, हे तिने पाहावे. राहत नसेल तर घरच्या उपायांवर थांबू नये.

स्वरतंतू पाहिल्याशिवाय औषधे घेत राहणे चुकीचे आहे. ते पाहणे अवघड नाही. 1854 मध्ये मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरयंत्र पाहिले होते. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ तोंडातून किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून काही मिनिटांत तपासणी करतात. लुकलुकत्या प्रकाशाच्या तपासणीत कंप मंद गतीने दिसतो आणि सूज, गाठ किंवा ताठरपणा वेगवेगळा ओळखता येतो. मऊ गाठी बहुधा स्पीच थेरपिस्टच्या काही आठवड्यांच्या उपचाराने विरतात. शस्त्रक्रिया निवडक रुग्णांनाच लागते, आणि बोलण्याची पद्धत बदलली नाही तर त्यानंतरही गाठ पुन्हा होते.

गाताना किंवा ओरडताना आवाज एकाएकी गेला तर तंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. त्या क्षणी पूर्ण मौन धरावे आणि त्याच दिवशी तज्ज्ञाला दाखवावे. थुंकीत रक्त, गिळताना त्रास, श्वासाला आवाज येणे, मानेत गाठ लागणे किंवा तंबाखूचे व्यसन असताना आवाज बदलणे यांतले काहीही असेल तर वाट पाहू नये. बाकी सर्वांनी, कारण काहीही वाटत असले तरी, चार आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरेपणा दुर्बिणीने तपासून घ्यावा.